शुक्रवार, दुपारी चार: वीस सेकंदांत वाचून होणारा साप्ताहिक अहवाल

आजचा विषय रुक्ष वाटेल: टीम दर आठवड्याला पाठवते तो ‘वीकली अपडेट’चा मेल. तो कसा बांधायचा, की वाचणाऱ्याला काही आठवड्यांनी न वाचताच कळावं, काय कुठे आहे. मी हे पुस्तकातून शिकले नाही. एका शनिवारी बंद न झालेल्या गोदामामुळे शिकले, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

मी तेव्हा हैदराबादला होते. औषधं आणि रुग्णालयाचं साहित्य पुरवणारी एक कंपनी, तिची तीन गोदामं: हैदराबाद, बडोदा आणि इंदूर. जुन्या सॉफ्टवेअरवरची बिलं आणि साठ्याच्या नोंदी नव्या प्रणालीवर न्यायच्या होत्या. आम्ही अकरा जण होतो आणि तारीख ठरली होती १ ऑगस्ट. महिन्याची पहिली तारीख, कारण हिशेब महिन्याअखेरीस बंद होतात. तिन्ही गोदामं एकाच दिवशी, कारण माल एका गोदामातून दुसरीकडे सतत फिरतो. निम्मा माल जुन्या प्रणालीत आणि निम्मा नव्यात असला, की साठा कुठेच जुळत नाही.

नव्या प्रणालीत साठा भरण्याआधी प्रत्यक्ष मोजणी करावी लागते. मोजणी चालू असताना माल आत-बाहेर होता कामा नये, म्हणजे गोदाम एक दिवस बंद. इंदूरची मोजणी शनिवार २० जुलैला ठरली. गोदाम बंद ठेवायची मंजुरी द्यायची होती वित्तप्रमुखांनी. मी ती मागितली. १२ जुलैच्या शुक्रवारच्या मेलमध्ये, व्यवस्थित, लेखी.

गुरुवारी, १८ तारखेला, इंदूरच्या गोदामप्रमुखांचा फोन आला. ‘मॅडम, परवा दोन गाड्या येणार आहेत, उतरवून घ्यायच्या ना?’ माझ्या पोटात गोळा आला. वित्तप्रमुखांना फोन लावला, तर त्यांना मंजुरीबद्दल काहीच माहीत नव्हतं. मी जरा चढ्या आवाजातच म्हणाले, ‘सर, मेलमध्ये लिहिलंय.’ ते बडोद्याचे, घरात मराठी बोलणारे, स्वभावानं शांत. म्हणाले, ‘अहो, मेल माझ्यासमोर उघडा आहे. कुठे लिहिलंय तेवढं सांगा.’

मीही मेल उघडला. आणि मलाच, जिनं तो लिहिला तिला, ते वाक्य शोधायला अर्धा मिनिट लागला. सहावा परिच्छेद, मधोमध: ‘चाचणीचा दुसरा टप्पा समाधानकारकरीत्या पूर्ण झाला असून इंदूर येथील मोजणीसाठी शनिवारी गोदाम बंद ठेवणे आवश्यक असल्याने त्याबाबतची मंजुरी अपेक्षित आहे.’ कोणाकडून अपेक्षित? कधीपर्यंत? नाही मिळाली तर काय? काहीच नाही. अकराशे शब्दांचा मेल होता. ते शुक्रवारी संध्याकाळी विमानतळावर रांगेत उभे असताना फोनवर वाचत होते.

दोन दिवसांत गोदाम बंद करता येईना, रुग्णालयांच्या गाड्या ठरलेल्या होत्या. पुढचा शनिवार महिन्याचा शेवटचा, सर्वांत जास्त माल बाहेर पडण्याचा. तारीख एक महिना पुढे गेली, १ सप्टेंबरवर. तोवर प्रत्येक गोदामात दोन माणसं प्रत्येक बिल दोनदा टाइप करत राहिली, एकदा जुन्यात, एकदा नव्यात. त्या महिन्यात एकदा मुदतीच्या महिन्याचा आकडा चुकीचा पडला आणि मुदत संपायला तीन आठवडे उरलेली सलाइनची बॅच एका रुग्णालयाकडे रवाना झाली. तिथल्या फार्मासिस्टनं खोक्यावरची छापील तारीख वाचली, म्हणून ती परत आली.

हे सगळं माझ्या एका वाक्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. पण साखळीतली पहिली कडी ते वाक्य होतं.

माणूस मेल कसा बघतो

त्या जुलैत मी पहिल्यांदा लोकांच्या बाजूला बसून पाहिलं, की ते आमचा मेल कसा वाचतात. वाचत नाहीतच. अंगठा फिरवतात. पहिली ओळ पूर्ण, दुसरी-तिसरी अर्धी, मग फक्त डाव्या कडेचे शब्द, मग तळाशी कुणाची सही आहे ते. याकोब निल्सन यांनी २००६ साली २३२ लोकांच्या नजरेचा माग घेऊन वेब पानांबद्दल हेच नोंदवलं होतं. नजरेचा आकार इंग्रजी ‘एफ’सारखा पडतो: वर दोन आडव्या पट्ट्या आणि डावीकडे एक उभी. पण ही नजरेची आवडती चाल नव्हे. मजकुरात पकडायला काही नसलं, की नजर अशी घसरते. शीर्षकं असली, तर ती शीर्षकांवरून उड्या मारते. म्हणजे वाचकाला दोष द्यायचं कारण नाही. पाय ठेवायला दगड आपण टाकायचे.

आणि दगड दर आठवड्याला त्याच जागी हवेत, ही पुढची गोष्ट. ओढ्यावरून रोज जाणारा माणूस खाली बघत नाही, पायाला दगड माहीत असतात. पाचव्या-सहाव्या शुक्रवारी वाचकाच्या अंगठ्याला असंच माहीत व्हायला हवं, की निर्णय वर असतो, बदल त्याखाली आणि आकडे तळाशी. तुम्ही एका आठवड्यात आकडे वर घेतलेत, कारण ते चांगले आले होते, तर ही कमाई गेली. मी हे केलं आहे, म्हणून सांगते. वेळेचंही तसंच आहे. आम्ही शुक्रवारी दुपारी चारला पाठवायचो, सहाला नाही, कारण सहा वाजता लोक घरी निघालेले असतात आणि निर्णय सोमवारवर जातो.

आमचा साचा

२६ जुलैपासून आम्ही नवा साचा सुरू केला. ९ ऑगस्टचा अहवाल जसा गेला तसा खाली देते. मूळ इंग्रजीत होता, इथे मराठीत लिहिला आहे.

विषय: निर्णय १ | गोदाम बदल | ९ ऑगस्ट | लाल

१. निर्णय हवा
वित्तप्रमुख: इंदूर गोदाम शनिवार १७ ऑगस्टला बंद ठेवण्यास मंजुरी.
कधीपर्यंत: मंगळवार १३ ऑगस्ट, दुपारी १२.
न मिळाल्यास: १ सप्टेंबर ही तारीख १ ऑक्टोबरवर जाईल.

२. या आठवड्यात काय बदललं
बडोदा मोजणी: पिवळा → हिरवा. ११ नगांचा फरक ७ तारखेला मिटला.
बिल छपाई: हिरवा → पिवळा. जुन्या प्रिंटरवर बॅच क्रमांक कापला जातो. नवा नमुना सोमवारी बडोद्यात छापून पाहणार.

३. सगळी कामं
हैदराबाद मोजणी: हिरवा, झाली.
बडोदा मोजणी: हिरवा, झाली.
इंदूर मोजणी: लाल, १७ ऑगस्ट (मूळ २० जुलै).
बिल छपाई: पिवळा, १६ ऑगस्ट (मूळ १६ ऑगस्ट).
कर्मचारी प्रशिक्षण: हिरवा, २३ ऑगस्ट (मूळ २५ जुलै).

४. आकडे
न जुळलेल्या दुहेरी नोंदी: ३१ (मागच्या आठवड्यात ४६).
प्रशिक्षण झालेले: ३८ पैकी २२ (मागच्या आठवड्यात १५).

५. पुढचा आठवडा
इंदूर मोजणीची तयारी. छपाईचा नवा नमुना. हैदराबादच्या दुसऱ्या पाळीचं प्रशिक्षण.

६. तपशील
सामायिक शीटचा दुवा.

दीडशे शब्दही नाहीत. वरची मर्यादा आम्ही अडीचशे ठेवली होती. तिच्याबाहेर जे जाईल ते शीटमध्ये. या मर्यादेवर टीममध्ये भांडणं झाली, कारण प्रत्येकाला आपलं काम दिसायला हवं असतं. ती अपेक्षा चूक नाही, पण ती भागवायची जागा हा मेल नाही. कौतुकासाठी सोमवारची सकाळची बैठक होती.

आता यातल्या दोन-तीन जागांवर थांबते, कारण साचा उतरवून घेणं सोपं आहे. तो बिघडतो या जागांवर.

पहिली जागा म्हणजे ‘निर्णय हवा’. यात चार गोष्टी लागतात: कोण, काय, कधीपर्यंत, आणि नाही तर काय होईल. चौथी गोष्ट लिहायला माणसं कचरतात, धमकीसारखी वाटते म्हणून. पण ती धमकी नाही, माहिती आहे. वित्तप्रमुखांच्या टेबलावर त्या दिवशी वीस मंजुऱ्या होत्या. यातली कुठली मंगळवारी दिली नाही तर महिना जातो आणि कुठली आठवडाभर थांबली तरी चालते, हे त्यांना कसं कळणार? आणि ‘कोण’ हा एकच माणूस हवा. ‘वित्त विभागाने कृपया पाहावे’ असं लिहिलं, की विभागातल्या प्रत्येकाला वाटतं, दुसरा पाहतोय.

निर्णय नको असेल त्या आठवड्यात हा भाग गाळायचा नाही. शीर्षक ठेवायचं आणि खाली लिहायचं: ‘काही नाही.’ भाग गाळलात, तर वाचकाला कळत नाही, की निर्णय नाही की तुम्ही विसरलात, आणि मग तो पूर्ण मेल चाळतो. रिकामी जागासुद्धा त्याच्या ओळखीची राहू द्या.

दुसरी जागा रंगांची. हिरवा, पिवळा, लाल सगळेच वापरतात आणि प्रत्येकाच्या मनातला पिवळा वेगळा असतो. एकाचा पिवळा म्हणजे ‘जरा काळजी वाटते’, दुसऱ्याचा म्हणजे ‘घर पेटलंय, पण साहेब चिडतील’. आम्ही शेवटी भावनेवरून हटलो आणि व्याख्या तारखेला बांधली. हिरवा: लिहिलेली तारीख बाहेरच्या कुणाच्या मदतीशिवाय पाळली जाईल. पिवळा: तारीख धोक्यात आहे, पण उपाय टीमच्याच हातात आहे आणि तो त्याच ओळीत लिहिला आहे. उपाय लिहिता येत नसेल, तर पिवळा लावता येत नाही. लाल: बाहेरच्या कुणीतरी काही केल्याशिवाय तारीख पाळली जाणार नाही. म्हणून लाल रंग आला, की पहिल्या भागात त्याचा निर्णय असलाच पाहिजे. पहिल्या भागात काही नाही आणि तिसऱ्यात लाल आहे, असं दिसलं, तर अहवाल चुकला आहे. पाठवण्याआधी मी एवढी एकच जुळणी करायचे आणि तिनं मला दोनदा वाचवलं.

एकूण रंग कुठला लावायचा, हाही प्रश्न येतो. आमची रीत साधी होती: ज्या कामावर शेवटची तारीख अवलंबून आहे, त्यांतला सर्वांत वाईट रंग तोच एकूण रंग. पाचांपैकी दोन हिरवी, दोन पिवळी, एक लाल, म्हणून सरासरी पिवळा, असा हिशेब करायचा नाही. गोदाम सरासरीनं बंद होत नाही.

रंगाबरोबर शब्दही लिहा. काही पुरुषांना लाल आणि हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, आणि बहुतेकांनी ते ऑफिसात कधी सांगितलेलं नसतं. आमच्याकडे एक जण निघाले, तेही सहा आठवड्यांनी, सहज बोलताना. शिवाय मेल छापला किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर उतरवला, की रंग जातो आणि शब्द राहतो.

कलिंगड ही प्रकल्पांच्या दुनियेतली जुनी थट्टा आहे: बाहेरून हिरवं, आत लाल. ते साच्यानं पूर्ण थांबत नाही. आम्ही तारखेजवळ मूळ तारीख लिहायला लागलो ते यासाठीच. वरच्या नमुन्यात प्रशिक्षण हिरवं आहे, पण मूळ तारीख २५ जुलै होती हेही दिसतं. तारीख पुढे सरकवून हिरवं राहणं सर्वांत सोपं असतं. मूळ तारीख शेजारी उभी असली, की ते लपत नाही. मात्र पहिल्यांदा लाल लावणाऱ्याला बैठकीत सर्वांसमोर झाडलं गेलं, तर पुढच्या शुक्रवारी सगळं हिरवं येईल आणि त्यावर कुठल्याही साच्याचा इलाज नाही. आमच्याकडे बिल छपाई पाहणाऱ्या मुलानं ९ तारखेला स्वतःहून पिवळा लावला. वित्तप्रमुखांनी त्याला फोन करून एवढंच विचारलं, ‘प्रिंटर नवा घ्यायचा का?’ त्यानंतर लोक खरं लिहू लागले. हे श्रेय साच्याचं नाही, त्यांचं आहे.

पहिले दोन शब्द आणि आपली भाषा

मराठीत किंवा हिंदीत अहवाल लिहिणाऱ्यांसाठी एक खास अडचण आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं. ‘पुरवठादाराकडून भाग उशिरा आल्यामुळे आणि दोन तंत्रज्ञ रजेवर असल्यामुळे बडोद्याची चाचणी पुढे ढकलली’, यात बातमी सर्वांत शेवटी आहे. नजर डाव्या कडेवरून खाली घसरते तेव्हा तिला मिळतं ‘पुरवठादाराकडून भाग’. तेवढ्यावरून काय कळणार?

यावर उपाय म्हणजे वाक्य मोडून मथळ्यासारखं लिहिणं. आधी कामाचं नाव, मग काय झालं, मग कारण. ‘बडोदा चाचणी पुढे ढकलली: भाग उशिरा आले, दोघे रजेवर.’ वर्तमानपत्रांचे मथळे असेच असतात आणि कुणालाही ते परके वाटत नाहीत. ‘करण्यात आले’, ‘प्रगतिपथावर आहे’, ‘पाठपुरावा सुरू आहे’ ही शेपटं कापून टाका. ‘पाठपुरावा सुरू आहे’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘मी एक मेल टाकला आणि उत्तर आलं नाही’ एवढाच असतो. मग तसंच लिहा: ‘२ तारखेला मेल केला, उत्तर नाही.’ त्यातून निदान कुणी फोन उचलेल.

कामांची नावंही बदलू नका. एका आठवड्यात ‘इंदूर मोजणी’, पुढच्या आठवड्यात ‘इंदूर साठा पडताळणी’ असं लिहिलं, की वाचकाला ती दोन वेगळी कामं वाटतात. शाळेत निबंधात तोच शब्द पुन्हा वापरू नये असं शिकवलेलं असतं. इथे बरोबर उलट.

साचा तोच आणि मजकूरही तोच, हा मात्र रोग आहे. ‘प्रशिक्षण: सुरळीत सुरू’ ही ओळ चार शुक्रवार जशीच्या तशी गेली, तर पाचव्या शुक्रवारी तिथे ‘प्रशिक्षण: थांबलं’ लिहिलंत तरी नजर त्यावरून निघून जाईल. म्हणून बदलाचा वेगळा भाग ठेवला. तिथे फक्त तेच येतं ज्याचा रंग, तारीख किंवा जबाबदार माणूस बदलला. बाकी सगळं तिसऱ्या भागात शांत पडून राहतं.

पाठवताना

दोन अगदी बारीक गोष्टी. दोन्ही मला ठेच लागून कळल्या.

फोनवर विषयाच्या ओळीतली सुरुवातीची तीस-चाळीस अक्षरंच बहुधा दिसतात. आमचा जुना विषय ‘गोदाम व्यवस्थापन प्रणाली स्थलांतर प्रकल्प साप्ताहिक प्रगती अहवाल’ असा होता. म्हणजे फोनवर दर आठवड्याला तेच दिसायचं आणि वेगळं असेल ते कापलं जायचं. नव्या विषयात ‘निर्णय १’ सर्वांत पुढे आहे. निर्णय नसेल तेव्हा ‘निर्णय ०’. मेल न उघडता एवढं कळतं.

दुसरी गोष्ट अशी. सुरुवातीचे दोन आठवडे मी सोयीसाठी मागच्याच मेलला उत्तर देऊन नवा अहवाल पाठवला. दुसऱ्या आठवड्यात एक जण म्हणाले, ‘मेल अर्धाच आला.’ एकाच धाग्यात आधी येऊन गेलेला मजकूर जीमेल कधीकधी तीन ठिपक्यांमागे दडवतं. आमची शीर्षकं आणि न बदललेल्या ओळी दर आठवड्याला त्याच, त्यामुळे त्यातला एक तुकडा जुना समजून दडवला गेला. तेव्हापासून दर आठवड्याला कोरा मेल, विषयात तारीख. तारखेमुळे विषय वेगळा होतो आणि मेल एकमेकांना चिकटत नाहीत.

गोदामप्रमुखांना मेल उघडायची सवय नव्हती. त्यांना पहिले दोन भाग व्हॉट्सअ‍ॅपवर हिंदीत जायचे, त्याच क्रमानं, त्याच क्रमांकांनी. तिसरा भाग त्यांनी कधी मागितला नाही.

माहिती गोळा करण्यात मात्र सुरुवातीला माझा अख्खा शुक्रवार जायचा. प्रत्येकाला विचारा, आठवण करा, उत्तर आलं की त्यातलं पाल्हाळ कापा. मग गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत सामायिक शीटमध्ये प्रत्येकानं आपल्या कामाचा रंग, तारीख आणि एक ओळ भरायची असं ठरवलं. न भरलेल्या ओळीपुढे अहवालात ‘माहिती आली नाही’ असं छापून जाईल, हेही आधीच सांगितलं. ते दोनदाच छापावं लागलं. शुक्रवारचं काम चाळीस मिनिटांवर आलं. लिहिणारी व्यक्ती मात्र एकच ठेवली. आळीपाळीनं लिहायचा प्रयोग तीन आठवडे केला, पण प्रत्येक हाताला वेगळी लकब असते आणि वाचकाची सवय बसण्याआधीच मोडत होती. रजेसाठी एक जण तयार ठेवला. त्यानं आधी दोन अहवाल माझ्या शेजारी बसून लिहिले, तेवढं पुरलं.

चालतंय की नाही, हे कसं ओळखायचं

मेल उघडला गेला की नाही हे मोजून फार कळत नाही. माझा तो सहाव्या परिच्छेदाचा मेलही उघडला गेला होता. मी एक घरगुती चाचणी करायचे. टीमबाहेरच्या कुणाला तरी, शक्यतो ज्यांना हा मेल खरंच येतो अशांपैकी एकाला, फोनवर अहवाल वीस सेकंद दाखवायचा. फोन उलटा ठेवायचा. मग तीन प्रश्न: कोणी काय करायचं आहे आणि कधीपर्यंत? कुठलं काम लाल आहे? मागच्या आठवड्यापेक्षा काय बदललं?

१२ जुलैचा जुना मेल मी तिघांना दाखवला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिघांनाही देता आलं नाही. एकानं ‘सगळं छान चाललंय’ असं सांगितलं, आणि तेही प्रामाणिकपणे, कारण पहिला परिच्छेद तसाच होता. ९ ऑगस्टचा अहवाल तिघांना दाखवला तेव्हा निर्णय आणि तारीख तिघांनी सांगितली. लाल कुठलं ते दोघांनी. तिसऱ्या बाईंनी छपाईला लाल म्हटलं. त्यांची चूक कशानं झाली ते शोधलं, तर दुसऱ्या भागात छपाईची ओळ लांब होती, म्हणून तीच लक्षात राहिली. पुढच्या आठवड्यापासून दुसऱ्या भागात एका कामाला दोनच छोटी वाक्यं ठेवली.

दुसरी खूण म्हणजे उत्तरं कशी येतात. लोक ‘दोनमधला प्रिंटर’ किंवा ‘तीनमध्ये इंदूरची तारीख बरोबर आहे का’ असं क्रमांकानं विचारू लागले, की समजा साचा बसला. आमच्याकडे ते साधारण चौथ्या आठवड्यात झालं. याउलट, अहवाल गेल्यावर तासाभरात कुणी फोन करून ‘मग एकूण काय परिस्थिती आहे?’ विचारलं, तर अहवाल वाचता आलेला नाही, मग तो कितीही नीटनेटका दिसो.

साचा बदलावा लागतोच कधीतरी. नवे संचालक येतात आणि म्हणतात, यात खर्चाचा भाग घाला. घालायला हरकत नाही, पण लगेच नाही आणि मध्ये नाही. आम्ही बदल तीन महिन्यांतून एकदाच करायचा असं ठरवलं होतं. नवा भाग शेवटी जोडायचा, जुने क्रमांक हलवायचे नाहीत, आणि त्या आठवड्यात सर्वांत वर एक ओळ: ‘या आठवड्यापासून सातवा भाग नवा.’ एक भाग वाढला, की कुठलातरी आतला मजकूर कापायचा, कारण अडीचशे शब्दांची भिंत तशीच राहणार. आम्ही तेव्हा ‘पुढचा आठवडा’ तीन ओळींवरून एका ओळीवर आणला. कुणी तक्रार केली नाही, म्हणजे तो भाग फारसं कुणी वाचतच नव्हतं.

अगदी लहान टीमला हे सगळं लागत नाही, हेही सांगायला हवं. चार माणसं एका खोलीत बसत असतील आणि निर्णय घेणारा त्याच खोलीत असेल, तर असा अहवाल म्हणजे उगाच कागद. आणि काही आणीबाणीची गोष्ट मंगळवारी घडली, तर शुक्रवारची वाट पाहायची नाही, फोन उचलायचा. साप्ताहिक अहवालात पहिल्यांदाच कळलेली वाईट बातमी उशिरा आलेली असते.

१७ ऑगस्टच्या इंदूरचं काय झालं, हे राहिलं. ९ तारखेचा अहवाल चार वाजता गेला. चार वाजून अकरा मिनिटांनी मला उत्तर आलं: ‘१: मंजूर.’ एवढंच. शनिवारी गोदाम बंद राहिलं, मोजणी रात्री साडेआठला संपली.

३० ऑगस्टच्या शुक्रवारी मी शेवटचा मोठा अहवाल पाठवला. पहिल्या भागात लिहिलं होतं: ‘काही नाही.’ पाच मिनिटांत वित्तप्रमुखांचा फोन आला.

‘अहो, काही नाही म्हणजे खरंच काही नाही ना?’

‘खरंच काही नाही, सर.’

‘बरं,’ ते म्हणाले, ‘मग मी जेवायला जातो. आज सकाळपासून त्याच ओळीची वाट बघत होतो.’